शीर्षकात डांगर लिहायचं की लाल भोपळा?

यवतमाळच्या बाजारात कोहळं मागितलं तर लाल भोपळ्याची फोड हातात पडते. पुण्यात कोहळा म्हटलं की पांढुरक्या सालीचं, पेठ्याचं फळ समोर येतं. नगर-बीडकडे बऱ्याच घरांत लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, तर पुण्या-कोकणात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा तोंडी लावायचा पदार्थ. विदर्भात कुठे काशीफळ म्हणतात, उत्तर महाराष्ट्रात कुठे गंगाफळ, आणि गोव्यात दुदी म्हणून जे मिळतं ते आपला दुधी नसून हाच लाल भोपळा असतो. भाजीवाल्यासमोर बोट दाखवून हा घोळ मिटवता येतो. यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना तशी सोय नसते. तिथे शीर्षक एकच असतं आणि ते नागपूरच्या, सावंतवाडीच्या, बेळगावच्या आणि न्यू जर्सीच्याही मराठी माणसासमोर त्याच अक्षरांत येतं. दुसऱ्या भाषांतलं शीर्षक वेगळं भरता येतं, पण ‘विदर्भासाठी हे मराठी आणि कोकणासाठी ते मराठी’ असा पर्याय नाही.

माझी एक मैत्रीण बीडकडची. लग्न होऊन यवतमाळच्या घरात गेली, आता पुण्यात राहते आणि पदार्थांचे व्हिडिओ करते. तिने लाल भोपळ्याच्या घारग्यांचा व्हिडिओ केला तेव्हा शीर्षकावर घरात जी चर्चा झाली, ती या प्रश्नाची सगळी अंगं दाखवते, म्हणून तीच पुढे सांगते. पदार्थ साधा आहे. भोपळा किसून गुळाबरोबर शिजवायचा, त्या ओल्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी घालायची, पाण्याचा थेंब नाही. गोळा थापून, वर तीळ किंवा खसखस दाबून तळायचं. कोकणात जवळपास हेच घाऱ्या म्हणून करतात. विदर्भात याच भोपळ्याची बोंडं करतात, पण त्यांचं पीठ सैल असतं आणि ती थापत नाहीत, हाताने तेलात सोडतात. म्हणजे तो पदार्थ वेगळा.

मैत्रिणीने आधी लिहिलं, ‘भोपळ्याचे घारगे बनविण्याची पारंपरिक पाककृती’. तिच्या मुलाने ते वाचून नाक मुरडलं आणि सुचवलं, ‘आज्जीच्या हातचे लै भारी घारगे’. सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “कोहळ्याच्या पुऱ्या म्हन ना, घारगे काय असते माय?”

या तीन शीर्षकांकडे बघून पटकन वाटतं की पहिलं पुस्तकी आहे, उरलेली दोन बोलीतली आहेत, तेव्हा बोलीतलं घ्यावं. सल्ला देणारे बहुतेक जण इथेच थांबतात, आणि इथेच फसतात. ‘बोली’ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक वाक्याची ठेवण, म्हणजे क्रियापदं, प्रत्यय, अनुस्वार. दुसरी वस्तूंची नावं. शीर्षकात या दोन्हींचं वागणं अगदी उलट असतं.

ठेवणीपासून सुरुवात करू. ‘कसे करावे’ हे लेखी आणि ‘कसं करायचं’ हे बोलण्यातलं. शाळेत आपल्याला पहिलं शिकवतात, तोंडात दुसरं असतं. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही कथा-कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ अशी अनुस्वाराची रूपं चालवून घेतली आहेत, एरवी ‘असे केले’ लिहावं असं सुचवलं आहे. मात्र बोलण्यातलं हे ‘कसं करायचं’ आज गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना कळतं. कोणी ‘कराचं’ म्हणत असेल, कोणी ‘करूचा’, पण वाचताना कोणाचा पाय अडखळत नाही. नाटकं, मालिका, बातम्या यांतून ते सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. म्हणून क्रियापद बोलीतलं ठेवलं तर प्रेक्षक तुटत नाही, उलट शीर्षक कोणीतरी समोर बसून सांगतंय असं वाटतं. ‘करावे’, ‘घालावे’, ‘बनविण्याची विधी’ असं लिहिलं की पाठ्यपुस्तक उघडल्यासारखं होतं.

यात एक गंमत आहे, जी शीर्षकं लिहिणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. लेखी आणि बोली रूपांतलं हे भांडण मुख्यतः नपुंसकलिंगी शब्दांपुरतंच असतं. पिठलं, लोणचं, भरीत, थालीपीठ आले की ‘कसे’ लिहायचं की ‘कसं’ हा प्रश्न उभा राहतो. पण घारगा पुल्लिंगी आहे. ‘घारगे कसे करायचे’ हे पुस्तकातही असंच आणि तोंडातही असंच. पुरी स्त्रीलिंगी, तेव्हा ‘पुऱ्या कशा करायच्या’ यातही फरक पडत नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक शीर्षकांत वाद घालण्यासारखं काही नसतंच, उगाच ‘करावेत’ लिहून आपण तो ओढवून घेतो. लोणच्याच्या बाबतीत मात्र निर्णय घ्यावा लागतो. माझं मत असं की शीर्षकात ‘लोणचं कसं घालायचं’ लिहावं आणि खालच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘लोणचे’ हे रूप एकदा तरी यावं. वाचणाऱ्याला दोन्ही एकच असतात, पण शोधाच्या चौकटीत ती दोन वेगळी अक्षरजुळण्या म्हणून जातात, आणि यंत्र दर वेळी त्यांची सांगड घालेल यावर विसंबून राहू नये.

ठेवणीत एक जागा मात्र खरोखर धोक्याची आहे, ती म्हणजे चालू असलेली क्रिया. ‘मी करते आहे’ यासाठी विदर्भात ‘करून राहिली’, मराठवाड्यात ‘करायलेय’, कोल्हापूरकडे ‘कराय लागलेय’. यातलं कुठलंही रूप शीर्षकात घातलं की बाकीच्या भागांतल्या वाचकाला एक क्षण थांबावं लागतं, आणि पुष्कळदा तो हसतो. नागपूरचं ‘करून राहिली’ मुंबईच्या विनोदी कार्यक्रमांनी इतकं वापरलंय की ते गंभीरपणे लिहिलं तरी प्रेक्षक विनोदाची वाट बघत बसतो. शीर्षकात क्रिया चालू असल्याचं सांगायची गरजच नसते, तेव्हा हा प्रकार सरळ टाळता येतो.

आता नावं. इथे पारडं फिरतं. ‘डांगर’, ‘कोहळं’, ‘काशीफळ’ हे अस्सल बोलीतले शब्द, पण प्रत्येक शब्द एका भागाला जवळ करतो आणि उरलेल्यांना दूर लोटतो. दूर लोटण्याचेही दोन प्रकार आहेत. काशीफळ हा शब्द माहीत नसलेला माणूस फार तर पुढे सरकेल. डांगर आणि कोहळं यांच्या बाबतीत तो पुढे सरकत नाही, त्याला शब्द माहीत असतो, फक्त अर्थ दुसरा माहीत असतो. तो पेठ्याचा कोहळा समजून व्हिडिओ उघडतो आणि केशरी गर बघून निघून जातो. हे दुसरं जास्त वाईट. असे शब्द मराठीत बरेच आहेत. जांब म्हणजे विदर्भात पेरू, आणि कोकणात पांढरं किंवा गुलाबी, घंटेच्या आकाराचं पाणीदार फळ. पोळी काही घरांत रोजची, तर जिथे रोजच्या पोळीला चपाती म्हणतात अशा कित्येक घरांत पोळी म्हणजे थेट पुरणपोळी. ‘मऊसूत पोळ्या’ असं शीर्षक दिलं की प्रत्येक घर आपापली पोळी डोळ्यांसमोर आणतं.

अशा वेळी जो शब्द कुणाच्याच घरचा नसतो, तोच सगळ्यांना चालतो. ‘लाल भोपळा’ हा तसा शब्द आहे. कित्येक घरांत नुसतं भोपळा म्हणतात, लाल कोणी म्हणत नाही. पण शाळेच्या पुस्तकांतून, कृषी विभागाच्या माहितीतून, बाजारभावांतून आणि छापील पाकपुस्तकांतून तो सगळीकडे पोचला आहे. थोडक्यात, नामाच्या जागी लेखी मराठी उपयोगी पडते आणि क्रियापदाच्या जागी बोली. ‘सगळं पुस्तकी’ किंवा ‘सगळं गावरान’ असा एकच कौल लावणाऱ्याचं या दोन जागांपैकी एका ठिकाणी हमखास नुकसान होतं.

मात्र लेखी म्हणजे संस्कृत वळणाचं असंही नाही. ‘पाककृती’ हा शब्द सगळ्यांना कळतो, कमलाबाई ओगल्यांच्या 1970 सालच्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांनी अशी भाषा घराघरांत नेली. पण पुस्तक हातात असताना आपण अनुक्रमणिका चाळतो, फोनवर शब्द टाकतो किंवा बोलतो. तिथे माणूस ‘रेसिपी’ म्हणतो. मैत्रिणीच्या सासूबाईही रेसिपीच म्हणतात. अनेकदा तर दोन्ही शब्द नकोतच, ‘लाल भोपळ्याचे घारगे’ एवढं लिहिलं की रेसिपी आहे हे उघड असतं. यूट्यूबच्या शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, आणि त्यात देवनागरीचे काना, मात्रा, वेलांट्या, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘भोपळ्याचे’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द तिथे नऊ जागा खातो. शिवाय फोनवर लांब शीर्षक मध्येच तुटतं. जे नाव ओळख पटवतं ते आधी यायला हवं, ‘पारंपरिक पद्धतीने घरच्या घरी’ हे शेवटी किंवा कुठेच नाही.

मग मुलाच्या ‘लै भारी’चं काय? तो बिचारा वाद घालत होता की सिनेमांना चालतं मग आपल्याला का नाही. त्याचं खोटं नाही. 2014 साली ‘लय भारी’ नावाचा चित्रपट सगळीकडे चालला. ‘सैराट’ हा शब्द 2016 पर्यंत शहरातल्या कितीतरी लोकांनी ऐकलाही नव्हता. ‘फँड्री’ तर मराठी बोलीतलाही नाही, कैकाडी भाषेत त्याचा अर्थ डुक्कर. साताऱ्याकडची ‘लागिरं झालं जी’ ही मालिका त्या नावानिशी राज्यभर पाहिली गेली. पण सिनेमाचं नाव हे बारशातल्या नावासारखं असतं. त्याला अर्थ आधी माहीत असण्याची गरज नसते, गाणी, झलक, पोस्टर, मुलाखती मिळून काही आठवड्यांत तो अर्थ लोकांच्या मनात भरतात. अनोळखी शब्द तिथे कुतूहल जागं करतो. घारग्यांच्या व्हिडिओला असा काळ मिळत नाही. शीर्षक दिसतं, अंगठा थांबतो किंवा सरकतो. त्या क्षणात शब्दाने वस्तू दाखवली पाहिजे.

‘लै भारी’ची दुसरी अडचण लिखाणाची आहे. लय, लै, लई, लयी, असं कसंही लिहिलं तरी चूक नाही, कारण बोलीचं प्रमाण लेखन ठरलेलंच नाही. लेखी मराठीचा इथे एक अगदी व्यवहारी फायदा आहे, तिच्या शब्दाचं बहुधा एकच स्पेलिंग असतं. घाऱ्या या शब्दाची गोष्ट तर आणखी बारीक आहे. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, आत मात्र चिन्हं वेगळी. त्यात ज्यांच्या कळफलकावर तो सापडत नाही ते रफार देऊन ‘घार्या’ लिहितात, आणि उरलेले रोमन लिपीत gharya टाकतात. ‘घारगे’ला यातलं काही नाही. शब्द निवडताना तो किती तऱ्हांनी लिहिला जातो हे बघणं अर्थाइतकंच महत्त्वाचं असतं. एखाद्या नावाची अशी चार रूपं असतील तर यूट्यूबच्या टॅगच्या रकान्यात ती घालावीत. टॅगचा एरवी शोधात फारसा उपयोग नसतो, पण चुकीच्या लेखनासाठी तो होतो असं यूट्यूबच सांगतं.

सासूबाईंच्या सूचनेत मात्र मोलाचं काहीतरी होतं, आणि ते घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्या ‘कोहळ्याच्या’ म्हणाल्या हे सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी ‘पुऱ्या’ही म्हटलं होतं. घारगा हा शब्द यवतमाळच्या माणसाला अडतो, पण पुरी कुठल्याच मराठी माणसाला अडत नाही. पदार्थ पुरीसारखा दिसतो, गोड असतो, गुळाचा असतो. म्हणजे घारगे हे नाव ठेवून शेजारी सगळ्यांना कळेल असं त्याचं वर्णन जोडलं की काम होतं. शेवटी ठरलेलं शीर्षक असं होतं:

लाल भोपळ्याचे घारगे | गुळाच्या गोड पुऱ्या, पाण्याचा थेंबही न घालता

यात लाल भोपळा हे सामायिक नाव आधी आलं आहे. घारगे हे पदार्थाचं खरं नाव आहे, ते ज्यांना माहीत आहे ते इथेच थांबतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पुऱ्या. ‘पाण्याचा थेंबही न घालता’ हे बोलण्यातलं आहे आणि व्हिडिओतली खरी खुबीही तीच आहे, कारण घारगे बिघडतात ते बहुधा पीठ भिजवताना पाणी घातल्याने. खालच्या वर्णनाची सुरुवात अशी झाली: ‘लाल भोपळा, म्हणजे कुठे डांगर, कुठे काशीफळ किंवा गंगाफळ, विदर्भात कोहळं. कोकणात याच्याच घाऱ्या करतात.’ वाक्यं म्हणूनच लिहिली, शब्दांची रास ओतली नाही. वर्णनात असंबद्ध शब्दांचे ढीग घालणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते किराणा दुकानाच्या यादीसारखं दिसतं.

मग मुलाच्या उत्साहाला जागा कुठे? व्हिडिओच्या आधी दिसणाऱ्या चित्रावर. तिथे मोठ्या अक्षरांत ‘तेल पीत नाहीत!’ एवढंच लिहिलं. शोधणाऱ्याला शीर्षक उपयोगी पडतं, चित्र फक्त नजरेसाठी असतं. म्हणून बोलीची लकब, उद्गार, गमतीचे शब्द चित्रावर जास्त खुलतात. त्यातही माझी एक अट आहे. जी बोली व्हिडिओत बोलणाऱ्याच्या तोंडात नाही ती बाहेर लिहू नये. बीडची बाई बीडचं बोलताना ‘लै’ म्हणाली तर ते तिचं बोलणं आहे. पुण्याच्या स्टुडिओतल्या माणसाने ‘गावरान ठसका, लै भारी झणका’ लिहून आत प्रमाण मराठीत व्याख्यान दिलं तर ती नक्कल होते, आणि त्या भागातल्या लोकांना ती लगेच ओळखू येते.

निवड बरोबर ठरली की नाही हे यूट्यूब स्टुडिओतल्या दोन-तीन आकड्यांवरून कळतं. एक म्हणजे शीर्षक-चित्र ज्यांच्यासमोर आलं त्यांतल्या शेकडा किती जणांनी उघडलं. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या वाहिन्यांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतं, तेव्हा 4 टक्के बघून घाबरायचं कारण नाही. दुसरा आकडा पहिल्या 30 सेकंदांनंतर किती प्रेक्षक टिकले याचा. उघडणारे भरपूर आणि टिकणारे थोडे, असं दिसलं की शीर्षकातला एखादा शब्द दुसऱ्याच वस्तूचं नाव सांगतोय का हे आधी तपासावं. डांगर, कोहळा, जांब यांसारख्या शब्दांचा हाच ठसा असतो. उघडणारेच थोडे असतील तर बहुधा शब्द ओळखीचा नाही किंवा रुक्ष आहे. तिसरी गोष्ट, यूट्यूबवर काय शोधून लोक या व्हिडिओपर्यंत आले ती शब्दांची यादी. ती वाचण्यासारखी असते. आपण कधी विचार केला नसेल अशी रोमन रूपं आणि घरगुती नावं तिथे दिसतात, आणि पुढच्या व्हिडिओचं शीर्षक अर्धं तिथेच सापडतं. फक्त एक पथ्य पाळायचं, शीर्षक बदललं तर चित्र तेव्हाच बदलायचं नाही. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि लहान वाहिनीवर चार दिवसांच्या आकड्यांना फार अर्थ नसतो, काही आठवडे जाऊ द्यावेत.

एवढं जमल्यावर मैत्रिणीने पुढचा व्हिडिओ सासूबाईंच्या हातच्या सांबारवडीचा करायचा ठरवला आणि आपल्या नव्या नियमाने लगेच लिहिलं, ‘कोथिंबीर वडी, विदर्भ स्टाईल’. कारण सरळ होतं. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि बाकी महाराष्ट्राला सांबार म्हटलं की इडली आठवते. पण इथे तो नियम लागू होत नाही. पुण्याकडची कोथिंबीर वडी म्हणजे बेसनात कोथिंबीर कालवून, वाफवून, कापून तळलेली वडी. सांबारवडीत बेसनाची पातळ पोळी लाटतात, तिच्यात कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं यांचं सारण भरून पुडीसारखी घडी घालतात आणि तळतात. तिला पुडाची वडीही म्हणतात. लाल भोपळा आणि डांगर ही एकाच वस्तूची दोन नावं होती. कोथिंबीर वडी आणि सांबारवडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सामायिक शब्द घेतला तर पुण्याचा प्रेक्षक वाफवण्याची वाट बघत बसेल, आणि नागपूरचा, जो हीच वडी शोधत होता, त्याला ती सापडणारच नाही.

सासूबाईंना यात वाद घालण्यासारखं काही वाटलंच नाही. “सांबारवडीले सांबारवडीच म्हनतेत,” एवढं बोलून त्या सारण परतायला लागल्या. शीर्षक मग असं झालं: ‘नागपुरी सांबारवडी | कोथिंबिरीचं सारण भरलेली पुडाची वडी’.